पैसे कापले, यूपीआय ‘पेंडिंग’: रक्कम कुठे अडकते आणि काय तपासायचं

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, ॲपवर मात्र पिवळं घड्याळ आणि ‘पेंडिंग’. समोरचा म्हणतो, आले नाहीत. अशा वेळी बहुतेकजण दोनपैकी एक गोष्ट करतात: लगेच पुन्हा पैसे पाठवतात किंवा स्वतःच्या बँकेच्या शाखेत जाऊन भांडतात. पहिल्या गोष्टीने नुकसान होतं, दुसरीने सहसा काही निष्पन्न होत नाही, कारण रक्कम त्या शाखेकडे नसतेच.

मी एका नागरी सहकारी बँकेत यूपीआयच्या व्यवहारांचा मेळ घालायचं काम करतो. लोकांना ॲपवर जे पेंडिंग दिसतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टेबलावर यादी म्हणून येतं. त्या यादीतून हा प्रश्न कसा दिसतो ते इथे लिहितो आहे. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेले पैसे हाच मुख्य विषय आहे. दुकानदाराला दिलेल्या पैशांचे नियम थोडे वेगळे आहेत, त्याबद्दल शेवटी थोडक्यात.

एक व्यवहार, दोन टप्पे

तुम्ही पिन टाकल्यावर पैसे तुमच्या खात्यातून थेट समोरच्याच्या खात्यात जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मध्ये एनपीसीआयचं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचं, स्विच असतं आणि ते दोन स्वतंत्र निरोप पाठवतं. आधी तुमच्या बँकेला: या खात्यातून इतके रुपये नावे टाका. तुमची बँक ‘टाकले’ असं उत्तर देते, त्याच क्षणी तुम्हाला मेसेज येतो. मग स्विच समोरच्याच्या बँकेला दुसरा निरोप पाठवतं: या खात्यात इतके रुपये जमा करा. तिथून ‘जमा केले’ असं उत्तर आलं की तुमच्या ॲपवर हिरवी खूण येते.

दोन्ही उत्तरांसाठी ठरावीक सेकंदांची मुदत असते. पूर्वी ती 30 सेकंद होती, जून 2025 पासून 15 सेकंद केली आहे.

आता दुसऱ्या टप्प्यावर काय काय होऊ शकतं ते बघा. समोरची बँक ‘जमा केले’ म्हणाली तर प्रश्नच नाही. ती ‘जमा होत नाही’ म्हणाली, म्हणजे खातं बंद आहे किंवा गोठवलेलं आहे, तर स्विच लगेच तुमच्या बँकेला उलट नोंद करायला सांगतं. तुमचे पैसे बहुतेक वेळा काही मिनिटांत परत येतात आणि ॲप ‘फेल्ड’ दाखवतं. स्पष्ट नकार आला तर सगळं सोपं असतं.

अडचण येते ती उत्तरच आलं नाही तर. मुदत संपली आणि समोरची बँक गप्प आहे. या गप्प राहण्याचे दोन अर्थ निघतात. एक, निरोप पोचलाच नाही, पैसे जमा झाले नाहीत. दोन, निरोप पोचला, पैसे जमाही झाले, फक्त पोच परत आली नाही. स्विचला बाहेरून हे दोन्ही सारखेच दिसतात.

ज्यांनी मनीऑर्डरचा काळ पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. पोच परत आली नाही म्हणून मनीऑर्डर मिळाली नाही असं होत नसे. कधी पोस्टमनने पैसे दिलेले असत आणि पोचच हरवलेली असे. पोच नाही म्हणून पोस्टाने पाठवणाऱ्याला पैसे परत केले असते, तर एकाच रकमेचे पैसे दोन घरांत गेले असते. यूपीआयमध्ये हाच धोका टाळण्यासाठी, जमा करायच्या टप्प्यावर उत्तर आलं नाही तर स्विच पैसे उलटे फिरवत नाही. व्यवहार ‘मंजूर झाला असं धरून’ पुढे नेतं. इंग्रजीत याला ‘डीम्ड अप्रूव्हड’ म्हणतात. आमच्या भाषेत नुसतं ‘डीम्ड’.

‘धरून’ या शब्दाचा परिणाम मोठा आहे. त्या दिवसाच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे बँकांच्या आपसातल्या देण्याघेण्याच्या हिशोबात, ती रक्कम तुमच्या बँकेकडून वळती होऊन समोरच्या बँकेच्या हिशोबात जाते. म्हणून तुमच्या शाखेतला माणूस ‘आमच्याकडून गेले’ म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. रक्कम समोरच्या बँकेच्या दारात पोचलेली असते, फक्त तुमच्या माणसाच्या खात्यावर तिची नोंद झालेली नसते, किंवा झालेली असते पण ते कुणाला कळलेलं नसतं. हा गुंता सोडवायची जबाबदारी तिथून पुढे समोरच्या बँकेची.

बँक गप्प का राहते

नेट गेलं, सर्व्हर पडला, ही कारणं आहेतच. पण आमच्या यादीत सगळ्यात जास्त दिसणारं कारण वेगळं आहे: रात्रीचा डे-एंड. दिवसाचा हिशोब बंद करून नवी तारीख उघडताना कोअर बँकिंगवर, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य संगणक प्रणालीवर, बराच भार असतो, नोंद होते पण उत्तर द्यायला वेळ लागतो. साधारण रात्री साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यानचे पेंडिंग आमच्याकडे उरलेल्या दिवसाच्या मानाने ठळक दिसतात. पगाराच्या तारखा आणि सणांचे दिवस हे दुसरं कारण.

तिसरं कारण लहान बँकांचं. अनेक सहकारी बँका एनपीसीआयला थेट जोडलेल्या नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने जोडलेल्या असतात. म्हणजे निरोप स्विचकडून त्या मोठ्या बँकेकडे, तिथून आमच्याकडे, आणि उत्तर त्याच वाटेने मागे. एक मुक्काम जास्त म्हटला की सेकंदही जास्त लागतात.

त्या शनिवारचे 7,400 रुपये

शनिवार, 15 मार्च 2025, रात्री 10:52. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने खोलीच्या भाड्याचे 7,400 रुपये घरमालकाला पाठवले. घरमालकाचं खातं आमच्या बँकेत. मुलाच्या खात्यातून पैसे कापले गेले, ॲपवर पेंडिंग. त्याने फोन केला, “काका, पैसे आले का?” काका म्हणाले, “नाही रे, मेसेज नाही काही.” महिन्याची मुदत आधीच उलटून गेलेली, मुलाला चुटपुट लागली आणि 11:20 ला त्याने पुन्हा 7,400 पाठवले. ते झटकन गेले, हिरवी खूण आली.

रविवारी सकाळी माझी पाळी होती. यूपीआयला सुट्टी नसल्यामुळे मेळ घालणाऱ्यालाही पूर्ण सुट्टी नसते. आदल्या दिवशी उत्तर न गेलेले 38 आवक व्यवहार यादीत होते. एकेक आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, घेऊन कोअर बँकिंगमध्ये शोधायचा, इतकंच काम. 38 पैकी 29 व्यवहारांत ग्राहकाच्या खात्यावर रक्कम आदल्या रात्रीच जमा झालेली होती, उत्तर उशिरा गेलं होतं. उरलेल्या नऊमध्ये नोंदच नव्हती. त्यातलं एक खातं बंद झालेलं होतं, ती रक्कम पाठवणाऱ्या बँकेला परत केली. आठ खात्यांवर जमा टाकली. काकांचं खातं त्या आठांत होतं, वेळ सकाळी 11:40. प्रत्येक व्यवहाराबद्दल ‘जमा झाली’ किंवा ‘परत पाठवली’ असं एनपीसीआयच्या प्रणालीत नोंदवलं, तेव्हा कुठे त्या मुलाच्या ॲपवरचं पेंडिंग मिटलं.

सोमवारी काका पासबुक घेऊन काउंटरवर. “साहेब, भाडं दोनदा आलंय. पोराचं काहीतरी चुकलंय, परत करून टाका.” पासबुकात दोन ओळी होत्या:

```
16-03-2025  UPI/CR/507483219046   7,400.00
15-03-2025  UPI/CR/507483240713   7,400.00
```

पहिला व्यवहार आधी केलेला, पण जमा तारीख नंतरची. म्हणूनच काकांना तो ‘दुसऱ्यांदा आलेला’ वाटला. काका भले माणूस, त्यांनी पुढच्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. पण बँक म्हणून आम्हाला ती रक्कम आपणहून परत फिरवता आली नसती. दोन्ही व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेले, दोन्ही यशस्वी. अशा वेळी पैसे घेणाऱ्याची संमती लागते, आणि घेणारा अनोळखी असला, किंवा देणंघेणं आधीच बिनसलेलं असलं, तर ती संमती मिळणं कठीण जातं. पेंडिंग असताना पुन्हा पैसे पाठवू नका असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, ते यासाठी.

अगदीच अडलं असेल, समोरच्याला त्याच रात्री पैसे लागणार असतील, तर पाठवा. पण ‘पहिले येण्याची शक्यता पूर्ण आहे, आले की एक रक्कम परत कर’ असं आधी बोलून, शक्यतो मेसेजवर लिहून घ्या.

काय तपासायचं

सगळ्यात आधी स्वतःचं बँक स्टेटमेंट उघडा. मेसेजवर विसंबू नका, ॲपवरही नको. बँकेच्या ॲपमध्ये किंवा मिनी स्टेटमेंटमध्ये नावे नोंद खरंच आहे का, आणि तिच्या खाली-वर त्याच रकमेची उलट नोंद आलेली नाही ना, हे बघा. उलट नोंदीत बहुतेक बँका REV किंवा RVSL असं काहीतरी लिहितात आणि तोच आरआरएन पुन्हा येतो. कैक जणांचे पैसे दोन मिनिटांत परत आलेले असतात, पण जमेचा मेसेज न आल्यामुळे ते आठवडाभर शोधत बसतात.

मग आरआरएन टिपून घ्या. ॲपच्या व्यवहाराच्या तपशिलात ‘UPI transaction ID’ किंवा ‘UTR’ या नावाने 12 अंकी क्रमांक असतो, तोच हा. T ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक किंवा ॲपचा स्वतःचा ऑर्डर क्रमांक हा वेगळा असतो, बँकेला तो सापडत नाही. आरआरएन वाचायची एक खूण सांगतो. सहसा त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस. काकांच्या पासबुकातला 5074… म्हणजे 2025 चा 74 वा दिवस: जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28, आणि मार्चचे 15. जमा कधीही झाली असली तरी मूळ व्यवहार कोणत्या तारखेचा ते यावरून कळतं. दोन सारख्या रकमांतली कोणती कुठली, हा वाद तिथेच मिटतो.

तिसरी गोष्ट समोरच्याला करायला सांगा, आणि नीट सांगा. ‘मेसेज आला का’ असं विचारू नका. ‘बँकेच्या स्टेटमेंटमध्ये हा 12 अंकी क्रमांक शोधा’ असं सांगा. मेसेज न येता जमा झालेल्या रकमा आम्ही रोज बघतो. शिवाय समोरचा माणूस भलत्याच खात्यात शोधत असतो, हेही फार होतं. एकाच मोबाईल नंबरवर दोन-तीन बँकांची खाती असतात, दोन-तीन ॲप असतात, आणि पैसे घेण्यासाठी कोणतं खातं ठरवून ठेवलं आहे हे खुद्द त्यालाच आठवत नसतं. तुमच्या ॲपवर पैसे घेणाऱ्याच्या बँकेचं नाव दिसत असेल तर ते त्याला कळवा. नाहीतर त्याला सगळ्या जोडलेल्या खात्यांची स्टेटमेंटं बघायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेखालीही शोधायला सांगा.

ॲपवर ‘स्थिती तपासा’ हे बटण पुन्हा पुन्हा दाबून काही हाती लागत नाही. ॲपला स्विचकडे चौकशी करायला 2025 पासून मर्यादा घातली आहे: एका व्यवहारासाठी जास्तीत जास्त तीनदा. शिवाय स्विचलाच उत्तर माहीत नसेल तर ते तरी काय सांगणार? समोरच्या बँकेने नोंदवेपर्यंत पेंडिंग हेच खरं उत्तर असतं.

किती थांबायचं

रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक याबाबत स्पष्ट आहे. तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या खात्यात जमा करता आले नाहीत, तर समोरच्या बँकेने ते उशिरात उशिरा व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता.

दिवस कॅलेंडरचे मोजायचे. मधे रविवार आला, बँक बंद होती, ही सबब चालत नाही. व्यवहार 15 मार्चचा असेल तर मुदत 16 मार्चपर्यंत. पैसे 19 तारखेला परत आले तर 17, 18 आणि 19 असे तीन दिवस उशीर, म्हणजे 300 रुपये. ते आपोआप जमा झाले नाहीत तर लेखी मागा, परिपत्रकाची तारीख लिहा. ही भरपाई व्यवहार अडकल्याबद्दल आहे. चुकीच्या नंबरवर पाठवलेल्या पैशांना ती लागू नाही, कारण तिथे व्यवहार पूर्ण झालेला असतो.

व्यवहारात सांगायचं तर पहिल्या रात्री काहीच करू नका, आरआरएन टिपून झोपा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक पेंडिंग मिटतात, कारण सकाळी आमच्यासारखे कुणीतरी यादी घेऊन बसलेले असतात. दुसरा दिवस पूर्ण सरला आणि ना जमा ना परत, मग तक्रार.

तक्रार कुठे

ज्या ॲपमधून पैसे पाठवले त्याच ॲपमध्ये, त्याच व्यवहाराच्या तपशिलात जाऊन तक्रार नोंदवा. तिथून केलेली तक्रार आरआरएनसकट थेट त्या व्यवहाराला जोडली जाते आणि संबंधित बँकांपर्यंत पोचते. ईमेल किंवा ट्विटमध्ये लिहिलेल्या गोष्टीचा आरआरएन आम्हाला शोधत बसावा लागतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि एकाच व्यवहारासाठी चार ठिकाणी चार तक्रारी करू नका. त्या एकमेकींत अडकतात आणि वेळ वाढतो.

त्याने झालं नाही तर स्वतःच्या बँकेकडे लेखी तक्रार, त्यात तारीख, वेळ, रक्कम, आरआरएन आणि ॲपमधला तक्रार क्रमांक. तोंडी सांगून आलात तर मागे काही पुरावा राहत नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. त्यासाठी फी नाही, पण आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा लागतो, म्हणून ते लेखी पत्र.

काकुळतीला येऊन गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका. अडकलेल्या पैशांच्या शोधात असलेला माणूसच ठगांना हवा असतो. ‘रिफंड पाठवतो, हे स्वीकारा आणि पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. वर सांगितलेल्या सगळ्या प्रक्रियेत, पैसे परत येताना, तुमच्या पिनची गरज एकदाही पडत नाही. उलट नोंद बँक बँकेला पाठवते. ठगांच्या हाती पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

दुकानात असं झालं तर

दुकानदाराला पैसे देताना तुमचे कापले गेले आणि त्याच्याकडे खात्री पोचली नाही, तर परतीची मुदत वाढते: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस, आणि त्यापुढे तेच रोज 100 रुपये. स्पीकर बोलला नाही याचा अर्थ पैसे आले नाहीत असा नव्हे, स्पीकरला स्वतःचं नेट लागतं. दुकानदाराला त्याच्या ॲपमधली यादी उघडून आरआरएनने शोधायला सांगा. त्याच्याकडे दिसतच नसेल तर माल घ्यायचा की नाही हे त्याच्या-तुमच्या ओळखीवर. रोख देऊन माल घेतलात तर बिलावर आरआरएन आणि ‘यूपीआय पेंडिंग, रोख घेतले’ असं लिहून सही घ्या. नंतर यूपीआयची रक्कमही त्याच्या खात्यात पोचली तर ती परत मागताना तेवढा एक कागद पुरतो.